मनावरच्या जिनमधलं सरबत

धारच्या सरकारी दवाखान्यात यमुनाबाई शितोळे नर्स होत्या. संस्थान होतं तेव्हाही होत्या आणि संस्थान जाऊन मध्यभारत झाल्यावरही त्याच. पाटी बदलली, पगार देणारा बदलला, पण सकाळी उकळत्या पाण्यातून सुया काढणारा हात यमुनाबाईंचाच राहिला. शितोळे मंडळी पवारांबरोबर माळव्यात आलेली. सासरे दरबारच्या पागेवर होते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि घरात बसून काय करायचं म्हणून सासऱ्यांनीच त्यांना दवाखान्यात शिकायला घातलं होतं. बाई उंच, आवाजाने जाड, बोलायला कमी. त्यांनी "पाय सरळ कर" म्हटलं की भला दांडगा गडीसुद्धा निमूट पाय सरळ करी.

बावन्न सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी धार जिल्ह्यातल्या मनावर गावाकडून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, बातमी आली. विहिरी तळाला गेलेल्या, नदीत डबकी उरलेली, आणि बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं तेच पाणी पिऊन परत गेलेली. धारहून डॉक्टर नारायणराव खेर निघाले आणि त्यांच्याबरोबर यमुनाबाई. मनावरला दवाखाना म्हणजे दोन खोल्या. म्हणून गावाबाहेरची कापसाच्या जिनची, सरकी काढायच्या कारखान्याची, शेड मागून घेतली. हंगाम संपलेला, यंत्रं बंद, पण कोपऱ्याकोपऱ्यात कापूस चिकटलेला होता आणि वारा आला की तो आजाऱ्यांच्या अंगावर उडे.

पटकी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायची नाही. माणूस सकाळी धडधाकट असतो आणि दुपारी त्याचे डोळे खोल गेलेले असतात. तांदळाच्या धुवणासारखं पाणी खालून सतत वाहतं, वर उलट्या, पोटऱ्यांत गोळे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहते. आवाज बसतो, लघवी थांबते, मग नाडी हाताला लागेनाशी होते. शेवटपर्यंत माणूस शुद्धीवर असतो. पाणी मागत असतो.

त्यावर डॉक्टरांकडे एकच खरा उपाय होता. शिरेतून सलाईन. इंदूरहून बाटल्या येत, पण येत त्या मागणीच्या निम्म्यानेही नाहीत. तोंडाने काही द्यायचं नाही, आतड्याला विश्रांती द्यायची, असं त्या वेळच्या बहुतेक डॉक्टरांप्रमाणे खेरांनाही शिकवलेलं होतं. पण बाटल्या संपल्यावर हातावर हात ठेवून बसवेना, तेव्हा ते म्हणाले, "यमुनाबाई, मिठाचं पाणी पाजून बघा. शिरेतून देतो तेच तोंडावाटे."

यमुनाबाईंनी पाजलं. माणसं घटाघटा प्याली, आणि ते सगळं जसंच्या तसं खाली बाजेखालच्या बादलीत आलं. एका भिल्ल पोरीची बादली भरली तेव्हा तिच्या बापाने विचारलं, "बाईजी, पाणी जा कहाँ रिया है?" यमुनाबाईंनी बादली ओतून परत लावली. संध्याकाळच्या आत ती पोरगी गेली.

अशात खंडोजी आला. मंडईत तोलाई करणारा, साठीचा, मराठाच, दोन पिढ्यांपासून मनावरला राहिलेला. बरोबर बायको, दुर्गाबाई. बाटल्या नव्हत्या. डॉक्टर नाडी बघून पुढे गेले. दुर्गाबाई मात्र नवऱ्याच्या उशाशी तांब्या घेऊन बसली आणि चमच्याने त्याच्या तोंडात काहीतरी घालू लागली. त्याने ओकलं की थोडं थांबे, तोंड पुसे, पुन्हा चमचा.

"काय देताय?" यमुनाबाईंनी विचारलं.

"सरबत हो, बाई. लिंबू, साखर, मीठ. ऊन लागलं की घरी देते तेच." मग ती ओशाळली. "साखर नावालाच आहे. रेशनची संपलीय."

यमुनाबाईंनी बोटावर घेऊन चाखलं. जेमतेम गोड, आसवांइतकं खारट. नियमाप्रमाणे ते बंद करायला सांगणं त्यांचं काम होतं. पण हे तरी कशाला हिरावून घ्यायचं, असं मनात आलं आणि त्या पुढच्या बाजेकडे वळल्या.

दुर्गाबाईने दिवसभर तो चमचा थांबवला नाही. तांब्यामागून तांब्या संपत होता. जुलाब चालूच होते, पण दुसऱ्या सकाळी यमुनाबाईंनी खंडोजीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली तर ती सोडताच खाली बसली. डोळे वर आले होते. आणि दुपारी तो भांडं मागू लागला. लघवी झाली! शेडमध्ये सलाईनशिवाय एखाद्याला लघवी व्हावी हे त्यांनी तिथे पहिल्यांदाच पाहिलं.

आत काय झालं होतं ते त्या शेडमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायला पुढे पुष्कळ वर्षं जायची होती. पटकीचं विष आतड्याच्या अस्तराला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतं, आणि मीठ आत घेण्याची नेहमीची वाट अडवतं. म्हणून नुसतं खारं पाणी आत जात नाही, वाहून जातं. पण त्याच अस्तराला आणखी एक दार असतं, आणि ते विषाला बंद करता येत नाही. त्या दारातून साखर आत जाते, पण एकटी नाही. ग्लुकोजचा कण मिठातल्या सोडियमचा हात धरूनच आत शिरतो. घरातली साखर आतड्यात फुटली की तिच्यातूनही हेच ग्लुकोज निघतं. दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब थांबत नाहीत, पण जितकं जातं तितकं परत मिळत राहतं, आणि माणूस तगतो. दुर्गाबाईच्या चमच्याने तेच केलं होतं. साखर थोडी होती, हेही बरंच झालं होतं.

यमुनाबाईंनी डॉक्टरांना सांगितलं. खेर माणूस चांगला. दोन दिवस धड जेवला नव्हता. त्याने हसण्यावारी नेलं नाही. खंडोजीच्या बाजेच्या कडेला बसून त्याची नाडी पुन्हा पाहिली.

"एकावरून काही सांगता येत नाही हो. त्याला रोगच सौम्य असेल. साखरेने काय होणार, थोडी ताकद येईल. पण ज्यांना बाटली देता येत नाही त्यांना द्या. नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं आहे काय?"

ताकद. तो शब्द यमुनाबाईंच्या मनात राहिला.

त्यांनी आणखी दोघांना सरबत दिलं. एकाला उतार पडला, एक उशिरा आलेला, तो घोट गिळायच्या आधीच गेला. त्यातून काय समजायचं?

आणि मग बैलगाडीतून पार्वती आली. यमुनाबाईंची धाकटी नणंद. यमुनाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ही परकर सावरत अंगणात पळायची. तिची वेणी यमुनाबाईंनी घातली होती, तिला न्हाऊ घातलं होतं, मनावरला तिची पाठवणी करताना आईच्या जागी त्याच उभ्या होत्या. तिचा नवरा माधव गाडीतून उतरला आणि नुसता "वहिनी..." म्हणून उभा राहिला.

त्या दिवशी एकच बाटली शिल्लक होती. पार्वतीची नाडी बारीक, पण लागत होती. शेजारच्या बाजेवर एक गरोदर बाई होती, तिची लागतच नव्हती. डॉक्टरांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाईंनी स्वतःच बाटली उचलून त्या बाईच्या बाजेला टांगली. त्यात चुकीचं काही नव्हतं. 

"वहिनी, पाणी," पार्वती म्हणाली.

डॉक्टरांच्या पेटीत ग्लुकोजच्या भुकटीचा डबा होता. रेशनच्या साखरेपेक्षा ही साखर नक्कीच जोरदार, असं यमुनाबाईंना वाटलं. ताकद साखरेत आहे, तर माझ्या पारूला चमचाभर कशाला, ओंजळभर देईन. त्यांनी डबा रिकामा केला. पाणी पाकासारखं दाट झालं. मीठ चिमूटभर टाकलं, न टाकल्यासारखंच.

पार्वतीने ते सगळं प्यायलं. गोड आहे म्हणाली. आणि मग जुलाबाचा जो लोंढा लागला तो आधीपेक्षाही जास्त होता. अरुंद दारातून माणसं एकेकच आत जातात, तशी आतड्याच्या त्या दारातून साखर. जोडीला मीठ नाही, आणि गर्दी एवढी, की उरलेली साखर आतड्यातच साचली, आणि साचलेली साखर उलट अंगातलं पाणी आपल्याकडे ओढून घेते. यमुनाबाईंना दिसत होतं ते इतकंच, की पाजावं त्याहून जास्त बाहेर पडतंय. म्हणून त्या आणखी पाजत होत्या. ग्लास ओठाला लावत होत्या आणि बादली बदलत होत्या. बोटांची टोकं धुतल्या कपड्यासारखी सुरकुतली. उन्हं उतरायच्या आत पार्वतीची नाडी गेली. इंदूरची गाडी बाटल्या घेऊन आली ती त्यानंतर.

योग्य मापाचं सरबत मिळालं असतं तर ती वाचली असती का, हे कुणी छातीठोक सांगू नये. नाडी इतकी बारीक झालेल्या माणसाला शिरेतूनच पाणी द्यावं लागतं, हे आजही खरं आहे. पण यमुनाबाईंना कुणी हे सांगायला नव्हतं. माधव भिंतीशी बसला होता. त्याने दोष दिला नाही. तो दोष देता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी सरबत करू का विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नको. खंडोजी आपल्या नशिबाने उठला."

पुढे मध्यप्रदेश झाला आणि त्यांची बदली देवासला झाली. तिथे पटकी नव्हती, पण उन्हाळ्यात हगवणीने सुकलेली तान्ही मुलं रोज येत. एकदा सरला नावाची तरुण आई आठेक महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोराची टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही.

"बाई, साखरेचं पाणी देऊ का थोडं?"

यमुनाबाईंनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. हो म्हणायला पार्वती आडवी येत होती. नाही म्हणायला खंडोजी. इतकी वर्षं याच कामात काढून एका साध्या प्रश्नाला त्यांच्याकडे दोन्ही उत्तरं होती, आणि कुठलं खरं ते ठरवता येत नव्हतं.

"मला माहीत नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

सरलाने कुणाला न विचारता घरून भाताची पातळ पेज आणली, मीठ घातलेली, आणि बोटाने पोराला चाटवत राहिली. भातातूनही आतड्यात तेच ग्लुकोज निघतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. यमुनाबाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. त्यांनी अडवलं नाही, धीरही दिला नाही. पोराचे पाय मात्र हातात धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी पोर आवाज काढून रडलं, आणि रडताना त्याच्या गालावर पाणी आलं. सरला त्यांच्या पाया पडायला आली तेव्हा यमुनाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"माझ्या नको पडू," त्या म्हणाल्या. "मी काही केलं नाही."