शेततळ्याची तपासणी

खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात मी तीस वर्षं तपासनीस होतो. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवायचो. निवृत्तीनंतर तिलवाऱ्याजवळ जमीन घेऊन शेततळं खोदलं. रेताड जमिनीत पाणी टिकत नाही, म्हणून आत जाड प्लास्टिक अंथरायचं ठरलं. कारागीर गरम हवेनं जोड चिकटवत होते आणि मी तळाशी, मधोमध लोखंडी खुर्ची टाकून बसलो होतो. मधूनच उठून प्रत्येक जोड पेचकसानं तपासायचो. दोन जोड तर पुन्हा करायला लावले.

तळं भरलं आणि आठवड्यात कोरडं पडलं. मी कारागिरांना बोलावून फैलावर घेतलं. पण एकही जोड सुटलेला नव्हता.

माझी बायको हेमलता तळात उतरली. "काहून बोलून राहिले त्यांना? भोकं इथं आहेत."

चार भोकं होती, चौकोनात. तिनं माझी खुर्ची आणून त्यांवर ठेवली. रबरं गळालेले चारही पाय बरोबर बसले.

कारागिरांनी ठिगळं चिकटवली. मी पेचकस घेऊन तपासायला निघालो, तर त्यांच्या मुकादमानं हात जोडले.

"साहब, आप ऊपर से ही देख लीजिए."

मी काठावरूनच माल पास केला.