बूच बुडालेलं असताना

आमच्या ऑफिसात सहा माणसं, त्यातली चार तिशीच्या अलीकडची. पाचव्या बाई, म्हणजे आमच्या मालकीण. सहावे काका. त्रेचाळीस हे काही काका म्हणवून घ्यायचं वय नाही. पण पहिल्याच दिवशी ते डब्याबरोबर डब्याखाली अंथरायचा रुमालही घेऊन आले, आणि तिथेच सगळं ठरलं. दोनच वर्षांनी लहान असलेल्या बाईसुद्धा त्यांना काकाच म्हणायच्या.

आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. तेव्हाचा खेळ एका तळ्याकाठच्या गावाचा होता: घर बांधा, भाजी लावा, शेजाऱ्याशी भांडा आणि कंटाळा आला की तळ्यावर जाऊन गळ टाका. त्या गळ टाकण्याचा एक छोटा वेगळा खेळ आत बसवायचा होता आणि तो काकांकडे होता. आधी चौदा वर्षं त्यांनी पाणीपट्टीची बिलं काढणारा प्रोग्रॅम सांभाळला होता. तिथून राजीनामा दिला तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "बिल चुकलं की लोक ओरडतात, ते समजू शकते. मासा चुकला म्हणून कोण ओरडणार आहे?"

ओरडणारे आम्ही होतो. सगळ्यात जास्त मी, कारण खेळून चुका काढण्याचाच मला पगार मिळतो. घरी अजून कुणाचा यावर विश्वास बसलेला नाही.

काकांनी रचलेलं कागदावर झकास होतं. पाण्यावर बूच तरंगतं. मासा तोंड लावतो तेव्हा ते नुसतं थरथरतं, तेव्हा हात आवरायचा. खरं गिळलं की बूच बुडतं, त्या क्षणी बटण दाबून झटका द्यायचा. मासा लागला की बटण दाबून दोरी गुंडाळायची. दाबून धरलं की ताण चढतो, सोडलं की उतरतो. ताण शंभरावर गेला तर दोरी तुटते, फार वेळ ढिली राहिली तर मासा गळ थुंकून देतो. आणि प्रत्येक मासा आपल्या स्वभावाचा. रोहू सरळमार्गी: लांब, एकसारखी ओढ, मग दमतो. शिंगटी तळाशी बसून राहते, रुसलेल्या सुनेसारखी. वाम दोरीला पीळ घालते. आणि मरळ! ती शांत येते, येते, आणि अगदी काठाशी आल्यावर असा हिसका देते की बेसावध माणसाची दोरी गेलीच. काका मरळीबद्दल बोलायला लागले की चहा गार व्हायचा.

पण तीन आठवडे झाले तरी तो खेळ कुणाला खेळवेना. माझ्याकडे बूच बुडायचं, मी दाबायचो, आणि पडद्यावर यायचं: मासा गेला. कधी चुकून लागलाच, तर दोरी डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटायची.

"काका, हे अशक्य आहे."

"अशक्य? माझ्याकडे ये." मग ते आपल्या टेबलावर बसून दोन रोहू आणि एक मरळ अशा आरामात काढायचे की मला माझ्याच बोटांची लाज वाटायची. "तुझा हात जड आहे रे. लिंबू पिळतोस तसं बटण दाबतोस."

मी अहवालात लिहिलं: अवघड. दुसऱ्या दिवशी: फार अवघड. तिसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या मशीनवर खेळून पाहिलं, त्यांना दहातले तीन मासे मिळाले. काका आकडे सैल करायचे, तर त्यांच्या स्वतःच्या मशीनवर मासे भिजल्या फडक्यासारखे बाहेर यायचे. पुन्हा आवळायचे, की मी ओरडायचो. त्यांची वही अशा आकड्यांनी भरली. आकड्यावर काट, बाजूला नवा आकडा, त्यावर पुन्हा काट.

मग सोमवारी बाईंनी त्यांना आत बोलावलं. भिंत पुठ्ठ्याची, त्यामुळे आम्हीही बोलावल्यासारखेच होतो.

"काका, शुक्रवारी दुपारी खेळ विकत घेणारी कंपनी बघायला येतेय. मासेमारी नाही जमली तर मी ती काढून टाकणार. आणि ती काढली की... तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काम नाही. लपवून काय करू?"

"नाही नाही, बरोबर आहे," काका म्हणाले. इतक्या पटकन, की मला ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात त्यांचा रुमाल अंथरलाच गेला नाही. डबा सकाळी यायचा तसा संध्याकाळी जायचा. मंगळवारी मी बेसिनपाशी हात धुवायला गेलो, तर ते आरशासमोर नळ सुरू ठेवून उभे. मला पाहून म्हणाले, "पाणीपट्टीवाल्यांनी माझी जागा अजून भरलेली नाही. कालच चौकशी केली." आणि हसले. मी काहीतरी विनोद करायला हवा होता, एरवी मी तेच करतो. मी नळ बंद केला.

बुधवारी ते वडिलांना घेऊन आले. सत्तरी ओलांडलेले, तोंडात सुपारी, चेहऱ्यावर जगाबद्दल तक्रार. चाळीस वर्षं दर सुट्टीला तळ्यावर गळ टाकून बसलेला माणूस. काकांची शेवटची आशा होती की आजोबा खेळून सांगतील, मासा कुठे खोटा वागतोय.

आजोबा काकांच्या टेबलावर बसले. एक बटण, तेवढंच शिकवलं. पंधरा मिनिटांत त्यांनी मरळ काढली.

"ठीक आहे," ते म्हणाले. काकांच्या घराण्यात हे फार मोठं कौतुक असावं, कारण काका लाल झाले.

"मग यांना का नाही जमत?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"याच्या चेहऱ्यावरून वाटत नाही याला काही जमत असेल. कुठे बसतोस रे तू?"

आजोबा माझ्या टेबलावर आले. बूच बुडालं, त्यांनी झटका दिला. मासा गेला. पुन्हा. मासा गेला. सहा वेळा. सातव्यांदा त्यांनी बटण दाबलंच नाही, नुसते पडद्याकडे बघत बसले.

"बाबा, दाबा ना!"

"काय दाबा? बूच अजून बुडालेलं आहे, आणि हे म्हणतंय मासा गेला! बूच खाली असेपर्यंत मासा जातो होय रे कुठे? शाळेत काय शिकलास?"

"बाबा, मासा तोच आहे. तुम्ही तिकडे काढला तोच."

"मासा तोच असेल. इथली दोरी कुजकी आहे."

काकांची नजर माझ्या पडद्यावर गेली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा असतो, मशीन सेकंदाला किती चित्रं काढतं ते सांगणारा. तिथे होतं एकशे चव्वेचाळीस. ते उठून आपल्या टेबलाशी गेले. त्यांचं मशीन जुनं. नवं देऊ केलं होतं तर त्यांनीच नाकारलं होतं, की खेळणाऱ्याकडेही जुनंच असणार. तिथे तीस. ते खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

झालं होतं ते असं. बूच बुडण्याचं चित्र सेकंदांच्या हिशेबाने चालायचं. पण झटका देण्याची मुदत त्यांनी चित्रांत मोजली होती: वीस चित्रं. त्यांच्याकडे वीस चित्रं म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश भाग, आजोबांनाही पुरेल इतका. माझ्याकडे तीच वीस चित्रं सेकंदाच्या सातव्या भागात संपत होती, माणसाचं बोट हलायच्या आत. ताणही प्रत्येक चित्राला दोनने चढायचा, म्हणून माझी दोरी जवळजवळ पाचपट वेगाने तुटायची. आणि मरळ प्रत्येक चित्राला फासा टाकायची, हिसका देऊ का नको. त्यांच्याकडे ती तीन-चार सेकंदांनी एकदा पिसाळायची, माझ्याकडे सेकंदाला एकदाच्याही वर.

"कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात हे," काका जमिनीवरूनच म्हणाले. "वेळ चित्रांत मोजू नये. बिलांच्या प्रोग्रॅमला चित्रं नसतात रे. चौदा वर्षांत विसरलो."

"म्हणजे माझा हात जड नाही?"

"तुझा हात सोन्याचा आहे. जा, बाबांना चहा आण."

चूक सापडली म्हणजे सुटका झाली, असं मला वाटलं. त्यांना नाही. कारण वहीतला प्रत्येक आकडा आता खोटा होता आणि हातात दीड दिवस. ताण सेकंदाला साठ केला. झटक्याची मुदत सेकंदांत बांधली. मरळीचा फासा काढून टाकून, एक हिसका झाला की पुढचा किती सेकंदांनी हे आधीच ठरवायला लावलं. मग मी दर तासाला माझ्या, काकांच्या आणि बाईंच्या अशा तिन्ही मशीनवर खेळायचो आणि ते मागे उभे राहून माझ्या बोटाकडे बघायचे. वाम काही सुधरेना. तिचा पीळ सोडवताना ताण नुसता उड्या मारायचा. शुक्रवारी अकरा वाजता काकांनी स्वतःच तिला खेळातून काढलं. "जा बाई," म्हणाले तिला, खरंच म्हणाले, मी ऐकलं.

दुपारी त्या कंपनीच्या पाहुण्या बाई आल्या, आणि पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. चौथं मशीन. काकांचा चेहरा पिठासारखा झाला. तो कोपऱ्यातला आकडा मी मान वाकडी करून वाचला: कधी त्रेपन्न, कधी अठ्ठावीस, मध्येच सत्तर. दम लागलेल्या माणसाच्या नाडीसारखा.

आजोबा बुधवारी जाताना जिन्यात काकांना एक सांगून गेले होते: "मासा सुटल्यावर माणूस काय करतो ते बघ. शिवी देऊन उठला तर तुझी चूक. परत गळ टाकला तर मासा जिंकला, एवढंच."

पाहुण्या बाईंनी घर बघितलं, भाजी बघितली, शेजारणीशी भांडण झालं. मग तळं. बूच थरथरलं, त्या थांबल्या. बुडालं, त्यांनी झटका दिला. लागला. मला लगेच ओळखू आली, मरळ. त्या दोरी सोडत, गुंडाळत तिला छान आणत होत्या. काठाशी आली. बाईंनी, आमच्या मालकीणबाईंनी, टेबलाची कड धरली. मरळीने हिसका दिला. पाहुण्यांचं बोट बटणावरच राहिलं. दोरी तुटली.

काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, गेल्या महिन्याच्या पानाकडे. पाहुण्या बाई खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं, संपलं. पाणीपट्टी.

त्यांनी अंगातला कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि परत बसल्या.

"थांब, बघतेच तुला," त्या म्हणाल्या. पडद्याला.

आणि गळ टाकला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मरळ बाहेर आली, तेव्हा काका खोलीत नव्हते. मी शोधायला गेलो तर आपल्या टेबलाशी होते. टेबलावर रुमाल अंथरलेला, डबा उघडा, आणि दुपारचे चार वाजलेले असताना ते जेवत होते, मान खाली घालून, भराभर, कुणी पाठीमागे लागल्यासारखे.

"काढली त्यांनी," मी म्हणालो.

घास तोंडात असल्यामुळे त्यांनी नुसती मान हलवली. मग डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "कितव्यांदा?"