हवालदारांचा चार्जर

लालासाहेब हवालदार फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन इस्लामपूरजवळ ऊस लावला, तरी गडी अजून परेडवरच. विश्रामबागेतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात मुलीला, अंकिताला, घेऊन आले तेही असे, की मीच उठून उभा राहिलो.

अंकिताला एका बिल्डरचं काम मिळालं होतं. बंगल्याचं थ्रीडी मॉडेल करायचं, त्याचा व्हिडिओ जोडून द्यायचा. पहिलंच काम. लॅपटॉप नाही तर काम नाही.

"गेम चालतील का रं ह्यावर?" हवालदारांनी विचारलं.

मी हौसेने म्हणालो, "एकदम मस्त!"

"मग नको."

अंकिताचा चेहरा पडला. त्यांना मशीन हवं होतं कामाचं, खेळाचं नाही. म्हणजे बैल नांगराला चालावा, पण शर्यतीत पळू नये! मला असल्या गिऱ्हाइकांचा रागच येतो, पण पोरीकडे बघून पुन्हा कपाटाकडे वळलो.

मग वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला एक लॅपटॉप काढला. त्यावर ट्रकचा गेम लावला. ट्रक उचकी लागल्यासारखा अडखळत चालला. "हाच द्या," हवालदार खूश. अंकिताने त्यावरच आपला बंगला उघडून फिरवला. बंगल्यालाही उचकी!

"आबा, आवं चित्र काढणारी चिप एकच हाय. ती खेळात दमली की कामातबी दमणार," ती म्हणाली.

शेवटी ग्राफिक्स कार्डवाला पुढे केला. बंगला झरझर फिरला, ट्रकही सुसाट पळाला. "पण सडपातळ आहे, लवकर तापतो," मी खरं तेच सांगितलं. "भारी गेमना चित्राचा दर्जा थोडा कमी ठेवावा लागेल. आणि चार्जर काढला की वेग पडतो."

"चार्जर काढल्यावर?" हवालदारांचे डोळे चमकले. "घेतला!"

चार्जर त्यांच्या खिशात गेला. काम असेल तवा मिळेल, काम संपलं की जमा. फौजेत बंदुका अशाच जमा करत म्हणे. मला हसू आलं, अंकिताला मात्र रडू. तरी तिने बंगला वेळेत पुरा केला, बिल्डरने पुढचंही काम दिलं. मला फार बरं वाटलं.

महिन्याभराने अंकिता दुकानात आली. म्हणाली, "आबांनी ट्रकचा गेम लावलाय. म्हणत्यात, गेममधला हा ड्रायव्हर पोरगा घाटात गिअर चुकीचा टाकतोय, दाखवतो त्याला. माझं काम पडून ऱ्हातंय. म्हणून चार्जर आता माझ्या पर्समध्ये." तिने पर्स थोपटून दाखवली.

ती गेली आणि फोन वाजला. पलीकडून दबका आवाज आला.

"पुष्कर, ट्रक घाटात दम खातोय गड्या. दुसरा चार्जर हाय का? आन् अंकिताला कळू दिऊ नको."