एकट्यांसाठीची ओळ

नागपूरहून कॅनडातल्या सस्काटूनला मास्टर्स करायला आलेल्या यामिनीकडे इंजिनीअरिंग क्लबच्या फेसबुक पेजचं काम आपसूकच आलं, कारण तिची संध्याकाळ कायम मोकळी असायची. त्या वर्षीच्या हॅकेथॉनच्या, म्हणजे टीमने मिळून झटपट काहीतरी बनवायच्या स्पर्धेच्या, पोस्टचं कॅप्शन तिने मन लावून लिहिलं. थीम होती ‘हिवाळा सोपा करा’, टीम तीन ते चार जणांची, पहिलं बक्षीस पाचशे डॉलर आणि नावनोंदणी शुक्रवारी पाचपर्यंत. शेवटी कुणी न सांगताच तिने एक ओळ जोडली: टीम नसेल तर एकट्याने नाव द्या, जोडीदार आम्ही शोधून देऊ.

पोस्ट टाकल्याबरोबर एकट्यांच्या रकान्यात पहिलं नाव तिनेच भरलं.

शुक्रवारी नोंदणी बंद झाली. क्लबची अध्यक्ष वेन्डी लॅपटॉपवर नावं बघत खुशीत म्हणाली, “सगळे आपापली टीम घेऊनच आलेत. एकट्यात फक्त तुझंच नाव आहे. फॉर्म चालतो का ते बघत होतीस ना? काढून टाकू?”

“हो, काढ,” यामिनी म्हणाली.

मग ती नोंदणी बंद झाल्याची पोस्ट लिहायला बसली आणि सवयीने शेवटी लिहून गेली, ‘आम्ही सगळे तुमची वाट बघतोय.’