अधोरेखित ओळ

मी लिहावं असं माझं काही मोठं आयुष्य नाही. आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग, आणि कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. तोही काठावरचे मार्क मिळवून. तेव्हा या पानांबद्दल आधीच माफी मागतो. पण एका कागदावरची एक ओळ मी एकदा गाळली होती. ती तरी कुठेतरी लिहून ठेवावी, एवढंच मनात आहे.

मी नगरला इंटर सायन्सला होतो आणि संक्रांतीसाठी गावी आलो होतो. गाव सोनईपासून सायकलीच्या अंतरावर. दोन दिवसांपासून वहिनी तापाने फणफणली होती. खोकला होता, उजव्या कुशीत दुखत होतं. थर्मामीटर मी कॉलेजच्या हौसेने विकत घेतलेला होता. त्यात पारा एकशे तीनवर गेला. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. आणि या वेळी आईने तिच्या डोक्यावर हंडा द्यायचं बंद केलं होतं, धुण्याला स्वतः जात होती. कोणी काही बोलत नव्हतं. तीन महिने पुरे झाल्याशिवाय असलं बोलायचं नाही, दृष्ट लागते, असं आमच्याकडे आहे. पण मी आंधळा नव्हतो.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिला एसटीने नगरला न्यायला निघाला. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन दारात.

"आरं, एवढ्या तापात पोरीला कशाला हादरवतो? फोन हाय ना!"

साखर कारखान्याच्या गावातल्या गट ऑफिसात तीन महिन्यांपूर्वी फोन बसला होता. काळा, जड, वर क्रोशाचं झाकण. त्यावर आतापर्यंत उसाच्या तोडीशिवाय काही बोललं गेलं नव्हतं. चेअरमनना मात्र तो आपल्याच अंगणात उगवलेला वाटायचा. फोन करायला कुणी आजारी पडेल याची ते वाटच पाहत असावेत, असं मला तेव्हाही वाटलं होतं. आजही वाटतं.

नगरच्या डॉक्टरांनी वहिनीला मागे तपासलेलं होतं. त्यांचा नंबर जुन्या कागदावर होता. कारकुनाने एक्स्चेंजला ट्रंक कॉल नोंदवला आणि आम्ही तासभर बाकावर बसून राहिलो. हळूहळू ओसरी भरली. घंटी वाजली तशी चेअरमननी टोपी सारखी केली, जणू डॉक्टरांना पलीकडून दिसणार होती.

दादाने हात पुढे केला. "मी बोलतो. माझी बायकू हाय."

"तुला जमायचं न्हाई. घाबरशील," म्हणत त्यांनी फोन कानाला लावला.

पुढची तीन मिनिटं ते एवढ्या मोठ्याने बोलले की तारेची गरजच नव्हती. आधी स्वतःची ओळख. मग कारखान्याची. मग ताप. खोकला सांगितला, कुशीतलं दुखणं दादाने दोनदा आठवण करून दिल्यावर सांगितलं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि चेअरमनचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी ओसरीवरच्या गर्दीकडे पाहिलं, खाकरले.

"न्हाई, न्हाई. तसलं काई न्हाई."

तसलं म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहिलं. दादाने मान खाली घातली. मीही कडुनिंबाकडेच पाहत होतो. चेअरमनना आमच्या घरातलं माहीत नव्हतं हे खरं. पण माहीत नाही असं म्हणायला त्यांच्या तोंडाला कुणी कुलूप लावलेलं नव्हतं. चेअरमनला एखादी गोष्ट माहीत नाही असं असतं का?

डॉक्टर म्हणाले, दुपारच्या गाडीने कंडक्टरबरोबर लिहून पाठवतो.

चारला पाकीट गट ऑफिसातच आलं. पाकिटावर दादाचं नाव, पण ते फोडलं चेअरमननी. आत दोन कागद. एक औषधाच्या दुकानासाठी इंग्रजीत, दुसरा घरासाठी मराठीत, सुवाच्य अक्षरात. चेअरमननी तो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि माझ्याकडे दिला.

"वाच रं, कॉलेजवाल्या. समद्यांला ऐकू जाऊ दे."

मी उभा राहून वाचू लागलो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. गावात माझं वाचणं पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होतं.

फोनवरून छाती तपासता येत नाही, तरी न्यूमोनियाची सुरुवात असावी असं धरून औषध देत आहे, असं आधी लिहिलं होतं. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल, दर सहा तासांनी एक, पाच दिवस. ताप उतरला तरी मध्येच बंद करू नये. जेवणाआधी एक तास, पाण्याबरोबर घ्याव्यात. कॅप्सूलच्या मागेपुढे दोन तास दूध, दही घेऊ नये.

इथे ओसरी पेटली.

"दूध न्हाई? मंग औषिद अंगी कसं लागायचं?" एक म्हातारा म्हणाला.

"डॉक्टरला म्हशी नसतील."

"आमच्या सासऱ्याला दुधातच दिली हुती. बरा झाला."

"व्हय, आन् चवथ्या दिशी गेला!"

हसणं झालं. दुधावर पाच मिनिटं चर्चा झाली. आजारी बाई घरात अंथरुणावर होती आणि तिच्या फुप्फुसांचा निकाल गावातले दहा पुरुष म्हशींवरून लावत होते. शेवटी चेअरमननी निर्णय दिला की दूध थोडं द्यावं. मी पुढची ओळ पाहिली.

तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. "रुग्ण गरोदर असेल किंवा तशी शंका असेल, तर या कॅप्सूल मुळीच देऊ नयेत. मला लगेच कळवावे, दुसरे औषध देईन."

मी थांबलो.

"काय झालं?"

"अक्षर लागत नाही," मी म्हणालो.

ते अक्षर बालवाडीच्या पोरालाही लागलं असतं. मी त्याच्या खालची ओळ वाचली. ताप एकशे एकच्या वर असेल तरच पॅरासिटामॉलची गोळी, दिवसात चारच्या वर नाही. तिसऱ्या दिवशी ताप न उतरल्यास, दम लागल्यास किंवा थुंकीतून रक्त आल्यास वेळ न घालवता आणावे. सगळं ठीक असल्यास सहाव्या दिवशी, म्हणजे बुधवारी, हा कागद घेऊन छाती तपासायला यावे.

"झॅक वाचलं," चेअरमन म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

दादा सायकलवर सोनईला जाऊन दिवेलागणीच्या आत औषधं घेऊन आला. दादा दुसरी शिकलेला. मला शाळेत ठेवता यावं म्हणून त्याला काढलेलं. आईने कागदाला हळदीकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात फोटोच्या मागे ठेवून दिला. डॉक्टरचा कागद एवढ्या मानाने ठेवायचा की पुन्हा कुणी तो वाचणार नाही, ही आमच्याकडची रीत. आई कॅप्सूल आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. आईशी दिराने वहिनीच्या पोटातलं बोलायचं कसं? हा विचार मी तेव्हा खरोखर केला आणि अंगणात निघून गेलो. माझ्या लाजेची किंमत कुणाच्या तरी गर्भाएवढी आहे असं मानण्याइतका मी शिकलेला होतो.

सकाळी दादाने मला सायकलच्या दांडीवर बसवून फाट्यावर सोडलं. सांगायचं ठरवलं होतं. तो वाटभर म्हणत होता, "चेरमन मानूस लई चांगला. न्हाई तर आपल्याला कोन पुसतं?" गाडी आली. मी चढलो.

नगरच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र पाय खोलीकडे गेले नाहीत. दवाखान्यात गर्दी होती. नंबर आला तेव्हा मी डॉक्टरांना उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फोनवर मी विचारलं होतं. नाही म्हणाले."

"ते घरचे नव्हते."

"म्हणूनच रेघा मारल्या. कागद कुणी वाचून दाखवला?"

"मी."

"काय शिकतोस?"

"इंटर सायन्स."

"बायॉलॉजी आहे?"

"आहे."

"बरं," ते म्हणाले. आजवर मला लोकांनी बरंच काही म्हटलं आहे. त्या 'बरं'इतकं खरं कोणी म्हटलं नाही.

त्यांनी जुन्या नोंदी काढल्या. वहिनीला मागे पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली होती, ती सोसली होती. मग नवा कागद लिहिला. आधीच्या कॅप्सूल ताबडतोब बंद. त्याऐवजी अँपिसिलिन, दर सहा तासांनी, सात दिवस. अंगावर पुरळ उठल्यास थांबवून आणावे. शक्य तितक्या लवकर, फार तर बुधवारी, रुग्णाला स्वतः घेऊन यावे. फोन करू नये. हे शेवटचं त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं.

"एकदोन कॅप्सूल गेल्या असतील तर?" मी विचारलं.

"एकदोनने बहुतेक काही होणार नाही. पण बहुतेकवर मी औषध देत नाही. आज पोचव."

मी स्वतः जायला हवं होतं. पण सोमवारी चाचणी परीक्षा होती. म्हणजे परीक्षा होती हे खरं, आणि त्या घरात शिरून आईला तो कागद द्यायचा धीर नव्हता हे जास्त खरं. औषधं नगरातच घेतली, कागद आणि औषधं पुडक्यात बांधली आणि दुपारच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिली. वरती दादाचं नाव लिहिलं आणि ठळक लिहिलं, "घरीच उघडावे."

परीक्षेत काय लिहिलं ते आठवत नाही. मंगळवारी दुपारी वसतिगृहात निळं अंतर्देशीय पत्र आलं. पेन्सिलीचं, मोठं, चौथीतलं अक्षर. वहिनीने मला आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं पत्र.

"भाऊजी, तुमचं पुडकं शनिवारीच मिळालं. नव्या गोळ्या चालू आहेत. ताप कालपासून नाही, खोकला थोडा आहे. आधीच्या गोळ्यांतली एकही मी घेतली नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी गोळी हातात दिली. मी म्हटलं, आधी कागद द्या. त्यांनी देव्हाऱ्यातून काढून दिला. मी वाचला, त्यांना वाचून दाखवला. दोन रेघा होत्या तिथे कुंकू सांडलं होतं, तरी दिसत होतं. अक्षर चांगलं आहे, लागतं. तुमच्यासमोर बोलायची लाज वाटली, म्हणून सकाळी तुम्ही गेल्यावर तुमच्या दादांना सांगून डॉक्टरकडे धाडणार होतो, पण चेअरमन रागावतील म्हणून ते दुपारपर्यंत निघाले नाहीत, तोवर पुडकं आलं. चेअरमन काल येऊन गेले. त्यांच्या फोननं ताप उतरला म्हणतात. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. बुधवारी आम्ही पहिल्या गाडीने येतो. स्टँडवर या. सगळं जागच्या जागी आहे."