बासष्ट हजारांचा धनी

घराच्या कामाचं शेवटचं बिल आलं आणि आमचं पाच लाखांचं अंदाजपत्रक शहात्तर हजारांनी फाटलं. माझं डोकंच सटकलं. कंत्राटदाराने लुबाडलं, असं मी जळगावभर सांगत सुटले असते. पण सासऱ्यांनी गावी परत जायला पिशवी भरायला घेतली.

आबा धुळ्याकडच्या खेड्यातले. पाय मोडला म्हणून आम्ही त्यांना इथं आणलं, आणि त्यांच्यासाठी बाथरूम फोडून नवं करायचं म्हणूनच हे काम निघालं. आता त्यांच्या मनानं घेतलं, की हा जादा खर्च आपल्यामुळेच. नवरा समजावून थकला. आपल्या नावावर किती खर्च मांडलाय, एवढंच ते विचारत होते, "मन्हा नावनं कितलं लिखेल शे?"

रविवारी सकाळी मी कंत्राटदाराला बोलावलं. आबांना शेजारी बसवलं. एकीकडे अंदाजपत्रक, दुसरीकडे बिलं. एकेक बाब मिळवत गेलो.

ओट्यावरच्या भिंतीच्या टाइल्स फरशीच्या बिलातही होत्या आणि स्वयंपाकघराच्या बिलातही. चौदा हजार. कंत्राटदार ओशाळला, फरशीच्या बिलातली रक्कम त्याने तिथल्या तिथे खोडली. राहिले बासष्ट. बांधकाम, लाइट आणि फरशी मिळून सोळा हजार वर गेले होते. बाथरूमला एक लाख दहा धरले होते, लागले एक लाख चार. धरायच्या दांड्या, न घसरणारी फरशी, सगळं धरून सहा हजार वाचलेले. मी तो आकडा आबांना दोनदा वाचून दाखवला.

मग स्वयंपाकघर. धरले ऐंशी, लागले एक लाख बत्तीस. मी बाह्या सरसावल्या. कंत्राटदाराने बिल माझ्याकडे वळवलं. ग्रॅनाइट बदललं, ट्रॉल्या वाढवल्या, चिमणी लावली. प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं : ताईंनी सांगितलं, लगे हात. माझेच शब्द. ओट्याशी उभी राहून मी रोज म्हणत होते, लगे हात एवढं करून टाका. करायला गेले एक!

नवरा म्हणाला, मुलीच्या फीची एफडी मोडू. मी साफ नाही म्हटलं. मी शिकवते त्या शाळेच्या पतपेढीतून चाळीस हजार घ्यायचे, हप्ता माझ्या पगारातून. उरलेले बावीस दोन पगारांत द्या, असं कंत्राटदार स्वतःहून म्हणाला. ज्याला मी चोर ठरवलं होतं, तो हे म्हणत होता. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

आबांनी पिशवीतून धोतर काढून खुंटीला लावलं आणि मला म्हणाले, "मंग तुलेच गावले जानं पडी. मी आठेच, या घरमा ऱ्हास."

मी हसले आणि त्यांच्यासमोरच रडले. आबांना थांबवणाऱ्या त्या बासष्ट हजारांचे मी अजून उपकार मानते.