सरसकट नऊ रुपये

वाकोल्याच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या एप्रिलमध्ये चारशे ऐंशी पिनाफोर होते आणि आम्ही चार माणसं. पिनाफोर म्हणजे शाळकरी मुली ब्लाउजवर घालतात तो बिनबाह्यांचा फ्रॉक. निळा, टेरिकॉटचा, छातीवर खिसा आणि खिशावर शाळेचं भरतकाम केलेलं चिन्ह. खाटेवर गठ्ठे, खाटेखाली गठ्ठे, खिडकीच्या कट्ट्यावर गठ्ठे. दोन्ही मुलं माळ्यावर झोपायची आणि मी रोज सकाळी गठ्ठे ओलांडून चूल गाठायची.

संप होऊन मिस्टरांची मिल बंद पडली, त्यानंतर मी हा उद्योग काढला. शेजारच्या दोघी आणि मी, तीन मशिनं. डिसेंबरपासून शिवायला बसायचं आणि जूनमध्ये शाळेच्या दारातल्या दुकानात माल द्यायचा. दोन वर्षं झकास चाललं. तिसऱ्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या सुमाराला शाळेने नोटीस लावली, की जूनपासून निळा गणवेश बंद, करड्या चौकडीचा सुरू. आम्हाला कोण सांगणार? एका मुलीच्या आईने भाजीच्या गाडीपाशी सहज सांगितलं, तेव्हा कळलं. आमची वाट लागली होती.

करडं कापड अंधेरीच्या एका व्यापाऱ्याकडेच मिळत होतं. तो चारशे मीटरच्या खाली कापड फाडायला तयार नव्हता. पंधराचा भाव, म्हणजे सहा हजार रोख, आणि सोमवारपर्यंत नाही आलात तर दुसऱ्याला देणार. कापड आलं तर जूनचा हंगाम आमचा. नाही आलं तर मशिनं विकायची आणि मी चार घरची धुणीभांडी धरायची. मी पाटीवर भागाकार केला. सहा हजार भागिले चारशे ऐंशी. नगाला साडेबारा. ह्याच्या खाली एक पैसा उतरायचं नाही, असं मी स्वतःलाच बजावलं.

आमच्या बटणं-चेनवाल्याने घाटकोपरचा एक लॉटवाला सुचवला. उरलासुरला माल एकगठ्ठा घेऊन बाहेरगावच्या बाजारात विकणारा माणूस. शनिवारी चार वाजता येतो म्हणाला.

शनिवारी दुपारी मी नळावरून आले तर मिस्टर दाराशी उजेडाला मांडी घालून बसलेले, हातात माझा टेलरिंगचा खडू. सगळे गठ्ठे सोडलेले. एक बाजूला रचलेला ढीग, दुसरीकडे एक लहान ढीग, आणि लहान ढिगातल्या प्रत्येक पिनाफोरच्या तळाच्या दुमडीवर पांढरी फुली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"डाग, शेड, सुटलेली शिवण. एकसष्ट निघाले," ते म्हणाले, अगदी कामावरून आल्यासारखे.

मिलच्या घडी खात्यात अठरा वर्षं हेच काम. कापड घडी करायचं, बघायचं, खोट दिसली की खूण करायची. पण मिल बंद होऊन वर्षं झाली, आणि इथे माल विकायचा होता, तपासायचा नव्हता! माझं डोकंच फिरलं. नको ते बोलले. म्हटलं, "दोन वर्षं घरात बसून एक काडी हलवली नाहीत, आणि आज हललात ते माझा माल बाद करायला? गिऱ्हाइकाला आपणच दाखवायचं, बघ बाबा, इथे सडकं आहे?"

ते शांतपणे म्हणाले, "जा आसा ता आसा गो." म्हणजे, जे आहे ते आहे. आणि बादली घेऊन पाण्याला गेले.

तीन वाजले होते. मी पदराचं टोक ओलं केलं आणि लहान ढिगाशी बसले. तेलाचे डाग आणि उन्हाने विटलेल्या घड्या लपणाऱ्या नव्हत्या, त्यांना हात लावला नाही. पण काहींचा मागचा भाग पुढच्यापेक्षा जरा फिका होता, वेगळ्या ताक्यातला. पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. असे अठरा निवडले, फुल्या पुसल्या, आणि खिडकीखालच्या दोन गठ्ठ्यांत मधोमध सरकवून सुतळी बांधून टाकली. उरलेल्या ढिगावर चादर टाकली. 

लॉटवाला चारच्या आधीच आला. पांढरा शर्ट, कानाला पेन्सिल, चहाला नको म्हणणारा. पाठोपाठ मिस्टर पाणी घेऊन आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. त्याने वरचा नग घेतलाच नाही. गठ्ठ्यात खोल हात घालून मधला ओढला. कापड मुठीत चुरगळून सोडलं, सुरकुती राहते का बघितली. शिवण दोन्हीकडून ताणली. तळाची दुमड उलटून मोजली, मूल वाढलं तर सोडायला किती कापड आहे म्हणून. मग साइझ विचारल्या.

"चोवीस ते छत्तीस," मी म्हटलं.

"चोवीस, सव्वीस किती?"

तेच कमी होते. त्याने मान हलवली.

"सरसकट नऊ," तो म्हणाला.

"नऊ? अहो, मला एकवीस पडलाय एक! कापड, शिलाई, बटणं, खिशावरचं भरतकामच पाऊण रुपयाचं!"

"तेच तर," तो म्हणाला. "तो खिसाच मला नको. दुसऱ्या गावात ही शाळा आहे का? खिसा उसवायचा, भोकं दिसतात म्हणून तिथेच साधा खिसा लावायचा. रुपया गेला. बेन, तुम्ही मागून मोजता, मी पुढून मोजतो. बाजारात हा जाणार चोवीसला. दुकानदार त्यातले पाच ठेवणार. एकोणीस राहिले. खिसा एक, भाडं नि हमाली एक. सतरा. मोठ्या साइझ पडून राहणार. जूनपर्यंत माझा पैसा अडकणार. आणि शंभरात किती खराब निघतील ते मला माहीत नाही, तुम्ही सांगणार नाही. मग नऊ."

त्याचा हिशेब मला पटला, ह्याचाच मला जास्त राग आला. एकवीसचा आकडा मी उगाच बोलून बसले होते. माझा खर्च माझ्यापाशी, त्याला त्याचं काय? मी म्हटलं, साध्या खिशाची कातरणं आमच्याकडे पोतंभर आहेत, तीही देते.

"बरं. दहा. चला, अकरा. आता बस्स."

अकराने पाच हजार दोनशे ऐंशी. सातशेवीस कमी.  मी नाही म्हटलं. तो उठला. चपला घालताना त्याचा पाय चादरीला लागला.

"आणि हे?"

मी काही बोलायच्या आत त्याने चादर उचलली. वरचा पिनाफोर उलटा केला, फुली बघितली, तेलाचा डाग बघितला. दुसरा. तिसरा.

"खूण कुणी केली?"

"मी," मिस्टर म्हणाले. "घडी खात्यात होतो."

"सगळा माल बघितला?"

"एकेक नग."

तो पुन्हा आत आला आणि खाली बसला. आता त्याने गठ्ठे सोडायला सुरुवात केली. ह्यातून एक, त्यातून एक, दाराच्या उजेडाला धरून पुढून, मागून. खिडकीखालचा तिसरा गठ्ठा त्याने ओढला तेव्हा मी मशिनचा पाय घट्ट धरला. माझे अठरा तिथे आणि त्याच्या शेजारच्यात होते. त्याने वरून चौथा काढला. चांगला निघाला. अजून एक काढला. तोही चांगला. दहा-बारा नग झाले, एकातही खोट नाही. देव पाण्यात घालून बसायचं तेवढं बाकी होतं.

"मला भीतीचे पैसे कापायला नकोत," तो म्हणाला. "बिनखुणेचा चौदा. खुणेचा चार. कातरणं धरून. बोला."

मला ओरडावंसं वाटलं. चौदा! मी होकार दिला, आवाज फाटला तरी दिला. त्याने कानावरची पेन्सिल काढली. "खुणेवाले किती?"

मिस्टर वाकले आणि लहान ढीग मोजू लागले. घडी खात्यातली मोजणी, अंगठ्याने कड उचलत, ओठ न हलवता. मोजून झाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी त्यांच्याकडे बघत होते. डोळ्यांनी विनवत होते, गप्प बसा, एकदाच गप्प बसा.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "एकसष्ट होते."

 

लॉटवाल्याने माझ्याकडे बघितलं.  लाजेने मान वर होईना. "मी पुसल्या," मी म्हटलं. "अठरा. खिडकीखालच्या गठ्ठ्यांत आहेत. ह्यांना माहीत नाही."

 मिस्टरांनी खिडकीखालचे गठ्ठे सोडले आणि दाराशी जाऊन बसले. एकेक पिनाफोर उजेडाला तिरका धरायचा, पुढून, मागून, आणि बाजूला. फुली नव्हती, ओल वाळली होती. तरी एक, दोन, पाच, अकरा. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. कापड मात्र घामाला लागू दिलं नाही. अठरावा काढून त्यांनी उरलेलेही सगळे तपासले, मगच खडू उचलून अठरा फुल्या पुन्हा केल्या. लॉटवाला एकटक त्यांच्या हातांकडे बघत होता.

मी मनात आकडे मोजत होते. आता चौदाचे अकरा होणार, अकराचे नऊ, किंवा तो चपला घालून निघून जाणार. अठरा नगांवर दहा-दहा रुपये, एकूण एकशेऐंशी. एवढ्यासाठी मी हंगाम पणाला लावला होता.

"चारशे एकोणीस चौदाने. एकसष्ट चारने," त्याने कागदावर मांडलं. "सहा हजार एकशे दहा. बघून घ्या."

बरोबर होतं. माझा विश्वास बसेना. न विचारता राहवलं नाही. "भाव पाडला नाहीत?"

त्याने कमरेचा कसा सोडला आणि नोटा काढता काढता, अगदी साधेपणाने म्हणाला, "बेन, नऊ तुमचा भाव होता. चौदा ह्या भाऊंचा आहे."

नोटा त्याने माझ्यापुढे धरल्या. मी हात पुढे केला नाही. मिस्टरांकडे बोट दाखवलं. त्यांनी खडू खाली ठेवला, हात धोतराला पुसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पैसे मोजून घेतले.